योगवर्गाची पोस्ट नव्याने लिहिताना: कामाच्या नोंदी

सोमवार, ३ फेब्रुवारी

वर्ग संपल्यावर चटया गुंडाळताना, वर्ग घेणाऱ्या ताईंनी फोन पुढे केला. "हे बघ, आज सकाळपासून सातवा मेसेज. फी किती? अगं, पोस्टमध्ये लिहिलंय ना!"

पोस्ट पाहिली. लिहिलं होतं खरं, पण ते असं:

*योगाभ्यास वर्ग! निरोगी जीवनाची गुरुकिल्ली! सकाळी ६ ते ७, ७ ते ८ (सोम-शुक्र), संध्या. ६.३० (मंगळ-गुरु). सर्व वयोगटांसाठी. बिगिनर्स ते अ‍ॅडव्हान्स्ड. फी मासिक / त्रैमासिक (सवलत). मर्यादित जागा. त्वरित संपर्क साधा.*

मागे कमळ, उगवता सूर्य, आणि सगळा मजकूर त्या चित्रातच. फी हा शब्द आहे, पण आकडा नाही. मी म्हटलं, लिहून देते नवीन. पोटापाण्यासाठी माहितीपत्रकंच लिहिते, एका संध्याकाळचं काम आहे. (हे वाक्य मुद्दाम ठेवलं आहे. काम पुरं व्हायला महिना लागला.)

ताईंकडून गेल्या महिन्याभरातले चौकशीचे सगळे मेसेज मागून घेतले. नवीन काही लिहिण्याआधी जुनं कुठे कळत नाही ते बघायचं.

मंगळवार, ४ फेब्रुवारी

मेसेज ३८ निघाले. प्रत्येकाचा प्रश्न एका ओळीत लिहून काढला. फी विचारणारे सगळ्यात जास्त, त्यात नवल नाही. थबकले ते दुसऱ्याच एका गठ्ठ्यापाशी:

"६ चा वर्ग रोज असतो का?"
"बुधवारी ७ ला आहे ना?"
"मंगळ ते गुरु म्हणजे बुधवारी पण संध्याकाळी यायचं का?"

ताईंना फोन केला तेव्हा उलगडा झाला. सकाळी ६ चा वर्ग सोमवार ते शुक्रवार पाचही दिवस असतो. ७ चा वर्ग फक्त सोमवार, बुधवार आणि शुक्रवार. आणि संध्याकाळचा मंगळवारी व गुरुवारी, मधला बुधवार सोडून. म्हणजे एकाच आडव्या रेघेचे तीन अर्थ झाले: एकदा "पासून पर्यंत", एकदा "एक दिवसाआड" आणि एकदा "आणि". ताईंच्या डोक्यात तिन्ही स्वच्छ आहेत, कारण त्या रोज तिथे उभ्या असतात. वाचणाऱ्याला फक्त रेघ दिसते.

एक बाई मंगळवारी सकाळी ७ ला येऊन बंद दाराशी उभ्या राहिल्या होत्या. त्यांचा मेसेज वाचला. रागावल्या नव्हत्या, पण पुन्हा आल्याही नाहीत.

पहिला नियम वहीत लिहिला: वारांच्या मध्ये रेघ नाही. तीन वार असतील तर तिघांची पूर्ण नावं. सलग असतील तर "सोमवार ते शुक्रवार, पाचही दिवस". आणि प्रत्येक वर्गाला सुरुवातीची वेळ आहे तशी संपण्याचीही. संध्याकाळी ६.३० ला सुरू होऊन वर्ग कधी सुटतो, हे जुन्या पोस्टमध्ये कुठेच नाही.

शुक्रवार, ७ फेब्रुवारी

आज पहिला खर्डा झाला. वेळा स्वच्छ, वार स्वच्छ. मग स्तर लिहायला बसले आणि अडले.

"बिगिनर्स, इंटरमिजिएट, अ‍ॅडव्हान्स्ड" यांना मराठी शब्द काय द्यायचे, इथून सुरुवात केली. प्राथमिक, मध्यम, प्रगत. लिहून झाल्यावर लक्षात आलं की शब्द बदलून काहीच हाती लागलेलं नाही. मी स्वतः यातली कोण? तीन वर्षं येते, पण शीर्षासन भिंतीशिवाय येत नाही. मध्यम? गेल्या पावसाळ्यात दोन महिने खंड पडला होता, मग प्राथमिक? आपण कुठे बसतो हे कळायला वर्ग आतून माहीत असावा लागतो, आणि पोस्ट वाचणारा तर बाहेर उभा असतो.

मग मेसेज पुन्हा चाळले, या वेळी कोण कुठल्या वर्गाला येऊन बसलं ते ताईंना विचारत. त्यात खरी गोम सापडली. जवळजवळ कुणीच स्तर पाहून वर्ग निवडलेला नाही. लोक आधी वेळ बघतात. कामावर जायच्या आधी जमतं म्हणून ६ चा, मुलं शाळेत गेल्यावर जमतं म्हणून ७ चा. एकदा वेळ मनात बसली की स्तर आपोआप त्या वेळेच्या मापाचा होतो. "मी पूर्वी केलंय थोडंफार," असं म्हणत माणूस ६ च्या वर्गात येऊन बसतो, आणि तो वर्ग ताईंचा सगळ्यात अवघड. तिसऱ्या दिवशी मनगट धरून विचारतो, हे असंच दुखतं का सगळ्यांचं?

जुन्या पोस्टने हे शिकवलंच होतं म्हणा. वेळ आधी आणि ठळक, स्तर शेवटी, तोही सगळ्या वर्गांना मिळून एकच.

सोमवार, १० फेब्रुवारी

ताईंशी तासभर बसले. स्तर कशावरून ठरवता, असं विचारलं.

"बघितलं की कळतं," म्हणाल्या.

ते खरंच आहे, पण पोस्टमध्ये लिहिता येत नाही. मग मी उलटं विचारलं: वर्ग घेताना तुम्ही वेगळं काय करता? यावर मात्र त्या सलग बोलल्या. ७ च्या वर्गात त्या प्रत्येक आसन आधी स्वतः करून दाखवतात, मग सगळे करतात, दोन-तीन श्वास थांबतात, सुटतात. संध्याकाळच्या वर्गात फक्त नाव घेतात: "त्रिकोणासन, उजवीकडे", आणि लोक करतात. त्या फिरत असतात, कुणाचा गुडघा आत वळला तर हाताने सरळ करतात. आसनात पाच श्वास थांबायचं. ६ च्या वर्गात नावंसुद्धा कमी. सूर्यनमस्कारांनंतर उभी आसनं एका ओघात, आणि शेवटी सर्वांगासन, शीर्षासनाची तयारी.

हे मला फार उपयोगाचं वाटलं. स्तर माणसाला चिकटवायचा नाही, वर्गाला चिकटवायचा. "तुम्ही नवशिके आहात का?" याचं उत्तर देताना अभिमान आडवा येतो. "करून दाखवलेलं बघून करायचं आहे, की नाव ऐकून करता येतं?" याचं उत्तर कुणीही खरं देतं.

नावांवर थोडी घासाघीस झाली. "नवशिके" नको, लोकांना कमीपणा वाटतो, असं ताईंचं म्हणणं, आणि ते बरोबर आहे. शेवटी ठरलं: ओळख वर्ग, सराव वर्ग, सखोल वर्ग. "पॉवर योगा" हा शब्द मी काढला. तो कुठल्या वर्गाला लागू होतो, हे त्यांनाही सांगता आलं नाही.

बुधवार, १२ फेब्रुवारी

खर्डा दुसरा. ओळख वर्ग: करून दाखवतात. सराव वर्ग: नाव ऐकून करायचं. सखोल वर्गासाठी कसोटी म्हणून लिहिलं: "न थांबता १२ सूर्यनमस्कार घालता येत असतील तर." आकडा दिला की वाचणाऱ्याला घरीच पडताळून बघता येईल, असा हिशोब.

तीन जणांना वाचायला दिलं. "कसं वाटलं?" असं विचारलं तर सगळे छानच म्हणतात, म्हणून ते विचारलं नाही. पोस्ट हातातून परत घेतली आणि चार प्रश्न टाकले: तुम्ही कुठल्या वर्गाला जाल? पहिल्यांदा कुठल्या वारी, किती वाजता? त्या दिवशी किती पैसे लागतील? आणि आत्ता, फोन हातात आहे, तर पहिलं काय कराल?

माझा आतेभाऊ धावपटू आहे, लांब पल्ल्याचा. त्याने सरळ सखोल वर्ग निवडला. १२ सूर्यनमस्कार काय, २४ घालेन म्हणाला, आणि घालेलही. पण पुढे वाकून गुडघे न दुमडता त्याचे हात जमिनीला लागत नाहीत, मांडीच्या मागच्या शिरा दोरीसारख्या ताठ आहेत. दम भरपूर, लवचीकता नाही, एकाही आसनाचं नाव माहीत नाही. माझ्या कसोटीने त्याला अगदी चुकीच्या दारात नेऊन सोडलं.

शेजारच्या काकू पूर्वी दुसरीकडे शिकलेल्या. त्यांनी विचारलं, "१२ म्हणजे किती गं? आमच्याकडे उजवा पाय आणि डावा पाय मिळून एक धरायचे." हे माझ्या मनातच आलं नव्हतं. काही ठिकाणी बारा स्थितींचा एक नमस्कार मोजतात, तर काही ठिकाणी उजव्या आणि डाव्या पायाची मिळून एक पूर्ण आवृत्ती, म्हणजे २४ स्थिती. त्यामुळे माझे १२ त्यांच्या हिशोबाने सहा होतात. आकडा दिला म्हणून गोष्ट स्पष्ट होते असं नाही. आकड्याचं मापही सगळ्यांचं एकच असावं लागतं.

तिसऱ्या, सत्तरीच्या आजी. त्यांनी पोस्ट दोनदा वाचली आणि शांतपणे म्हणाल्या, "मला खाली बसता येत नाही. माझा वर्ग यात नाही."

जुन्या पोस्टमध्ये "सर्व वयोगटांसाठी" होतं. मी ते पोकळ म्हणून काढलं होतं आणि त्या जागी काहीच ठेवलं नव्हतं. ताईंना विचारलं, तर म्हणाल्या, ओळख वर्गात दोन खुर्च्या कायम असतात, भिंतीशी. हे त्यांनी कधीच कुठे लिहिलेलं नाही!

गुरुवार, १३ फेब्रुवारी

सूर्यनमस्कार काढून टाकले. सखोल वर्गाची नवी ओळ: "हा वर्ग थेट सुरू करता येत नाही. सराव वर्गात आल्यावर ताई सांगतील तेव्हा." आतेभाऊ वाचून म्हणाला, "मग मी कुठे जाऊ?" "तुला त्रिकोणासन म्हणजे काय माहीत आहे?" "नाही." "मग ओळख वर्गात." त्याने मान्य केलं. त्याला कमी लेखलेलं वाटलं नाही, कारण प्रश्न दमाचा नव्हताच.

आजींसाठी ओळ: "जमिनीवर बसता येत नसेल तर खुर्ची मिळते." सात शब्द.

शनिवार, १५ फेब्रुवारी

फी. खऱ्या रकमा या वहीत नकोत असं ताईंनी सांगितलं, म्हणून आठवड्यातून तीन दिवसांच्या वर्गाच्या महिन्याच्या फीला १०० धरते. बाकी सगळं त्या प्रमाणात: दोन दिवसांचा वर्ग ७५, पाच दिवसांचा १४०. एखाद्याच वर्गापुरतं यायचं तर १२. तीन महिन्यांची एकदम भरली तर १० टक्के सूट, म्हणजे तीन दिवसांच्या वर्गाला ३०० ऐवजी २७०.

आणि नावनोंदणी २०, एकदाच. हे कुठून आलं? मी तीन वर्षं येते, मी कधीतरी भरले असणार, पण पोस्टमध्ये याचा उल्लेखच नव्हता. नवा माणूस १०० घेऊन येतो आणि दारात कळतं की १२० लागतात. पैशापेक्षा तो क्षण वाईट. फीचा परिच्छेद म्हणूनच "पहिल्या दिवशी एकूण किती" या ओळीने सुरू करायचं ठरवलं. बेरीज आपण करून द्यायची, वाचणाऱ्यावर सोडायची नाही.

एकेका वर्गाचे पैसे भरायचे की महिन्याचे, हा हिशोबही सोपा करून दिला. आठ वेळा आलात तर ९६, नऊ वेळा आलात तर १०८. म्हणजे महिन्यात नऊ किंवा जास्त वेळा येणार असाल तरच महिन्याची फी परवडते. ताईंना आधी हे नको होतं. लोक एकेकटे वर्ग घेतील म्हणाल्या. मी म्हटलं, घेतीलच, आत्ताही घेतात, फक्त महिना भरून पाचदा येऊन मग मनात कुढतात. ओळ राहिली.

पण "महिना" म्हणजे काय, इथे गाडी रुतली.

सोमवार, १७ फेब्रुवारी

महिना. एक जण १८ तारखेला आला, पूर्ण महिन्याची फी भरली, आणि १ तारखेला ताईंनी सवयीने पुन्हा मागितली. तो गप्प भरून गेला. दुसरी एक, आजारी पडून सहा वर्ग बुडाले, ते पुढच्या महिन्यात मिळतील असं धरून चालली होती. ताई कुणाला देतात, कुणाला नाही. जो विचारतो त्याला मिळतात.

तारखेचा महिना धरला तरी तो सारखा नसतो. सोमवार, बुधवार, शुक्रवार मिळून या फेब्रुवारीत १२ वर्ग होतात, गेल्या जानेवारीत १४ झाले. एकाच फीत कधी १२, कधी १४.

मी सुचवलं ते असं: महिना विकूच नका, वर्ग विका. तीन दिवसांच्या वर्गाची फी म्हणजे १२ वर्ग, पाच आठवड्यांत कधीही संपवायचे. पाच आठवड्यांत असे १५ वर्ग होतात, म्हणजे तीन बुडाले तरी नुकसान नाही, आणि त्याबद्दल कुणाला कुणाशी बोलावं लागत नाही. दोन दिवसांच्या वर्गाची फी म्हणजे ८ वर्ग; पाच आठवड्यांत १० होतात, दोन बुडाले तरी चालतं. पाच दिवसांच्या वर्गाची फी म्हणजे २० वर्ग; होतात २५. कोण कुठल्या तारखेला आलं याचा प्रश्नच उरत नाही. वर्ग ताईंनी रद्द केला तर मुदत एक आठवडा पुढे.

ताई बराच वेळ काही बोलल्या नाहीत. मग म्हणाल्या, "आणि वहीत? प्रत्येकाची मुदत वेगळ्या दिवशी संपणार. मी वर्ग घेऊ की हिशोब ठेवू?"

हरकत खरी होती. यावर मला पोस्टमध्ये काही करता येण्यासारखं नव्हतं, हजेरीच्या वहीत होतं. रोज बरोबरची खूण करण्याऐवजी आकडा लिहायचा: १, २, ३. बारावा आला की पुढची फी. पहिल्या आकड्याशेजारी मुदतीची तारीख. दोन दिवस करून बघते म्हणाल्या.

बुधवार, १९ फेब्रुवारी

वही चालते आहे. एकीच्या नावापुढे ९ नंतर पुन्हा ९ पडला, तो मागच्या रांगेतून तिनेच सांगितला.

शुक्रवार, २१ फेब्रुवारी

आज मोठी गोष्ट झाली, आणि ती लिहिण्यातली नाही.

नवा खर्डा वर्गांच्या क्रमाने लावला: आधी ओळख, मग सराव, मग सखोल, प्रत्येकाखाली त्याच्या वेळा. तसं लावल्याबरोबर एक भोक दिसलं. ओळख वर्ग फक्त सकाळी ७ ला. ज्याला सकाळी जमत नाही असा नवा माणूस कुठे जाणार? संध्याकाळच्या सराव वर्गात. आणि तसेच तर जात होते! ताई त्या वर्गात निम्मा वेळ करून दाखवत होत्या, म्हणून जुनी माणसं कंटाळत होती, हे त्या स्वतःच गेल्या आठवड्यात म्हणाल्या होत्या. जुन्या पोस्टमध्ये वेळ पुढे आणि स्तर मागे असल्यामुळे ते भोक झाकलेलं होतं.

कागद दाखवला. "म्हणजे संध्याकाळी दोन वर्ग घ्यायचे?" हॉल ८.३० पर्यंत मिळतो. ६.०० ते ७.०० ओळख, ७.१५ ते ८.१५ सराव. मधली पंधरा मिनिटं हवीतच, नाहीतर एकांचं शवासन चालू असताना दुसरे चपला काढत असतात. म्हणून सकाळचा ७ चा वर्गही ७.१५ ला सरकवला.

सकाळी सराव वर्ग नाहीच, आणि तो सुरू करायला ताईंना वेळ नाही. ते तसंच लिहिलं: "सकाळी सराव वर्ग सध्या नाही." ताईंना ही ओळ नकारघंटा वाटली. मला वाटतं, या एका ओळीने सात-आठ मेसेज वाचतील.

सोमवार, २४ फेब्रुवारी

प्रवेशाच्या पायऱ्या. "त्वरित संपर्क साधा" यात काय करायचं ते नाही. फोन करायचा की मेसेज? कधी? काय बोलायचं? शिवाय क्रमांक चित्रात असल्याने त्यावर बोट ठेवून काही होत नाही, पाठ करून किंवा कागदावर उतरवून टाकावा लागतो.

पायऱ्या ज्या क्रमाने घडतात त्या क्रमाने लावल्या. मेसेजमध्ये तीन गोष्टी कळवा: नाव, कुठला वर्ग, कुठल्या दिवसापासून. एक वर्ग येऊन बघा, त्याचे १२ द्या. पुढे नाव घातलं तर ते फीतून वजा. पटलं तर त्याच दिवशी प्रकृतीचा अर्ज भरा आणि फी द्या.

प्रकृतीचा भाग मात्र अर्जापर्यंत थांबवून चालत नाही. काचबिंदू असलेल्या माणसाने डोकं खाली येणारी आसनं टाळायची असतात, कारण त्यात डोळ्यातला दाब वाढतो. अनियंत्रित रक्तदाब, हर्निया, गरोदरपण, अलीकडची शस्त्रक्रिया, यांतही काय करायचं आणि काय सोडायचं हे आधी ठरवावं लागतं. हे पहिल्या वर्गाआधी कळायला हवं, म्हणून मेसेजमध्ये चौथी गोष्ट वाढवली: "यातलं काही असेल तर तेही." कारण विचारलेलं नाही, तपशील मागितलेला नाही, बोलणं ताई फोनवर करतील. जुन्या एका पोस्टमध्ये कुठकुठले आजार बरे होतात याची यादी होती. ती नव्यात घेतली नाही, ताईंनीही आग्रह धरला नाही.

"रिकाम्या पोटी" यावरही प्रश्न येत होते. संध्याकाळी ६ ला रिकाम्या पोटी म्हणजे दुपारचं जेवण सोडायचं का? ताई सांगतात ते तसंच घातलं: पोटभर जेवणानंतर तीन तास, थोडं खाल्लं असेल तर दीड तास.

शुक्रवार, २८ फेब्रुवारी

मांडणीत वेळ गेला. मी हौसेने तक्ता केला होता, रकाने जागा सोडून जुळवलेले. ताईंच्या फोनवर उघडला तर वार एकीकडे, वेळा दुसरीकडे, सखोल वर्ग बुधवारी संध्याकाळी जाऊन बसलेला. तक्ता रद्द. प्रत्येक वर्ग तीन-चार ओळींचा एक पुंजका, मध्ये एक मोकळी ओळ.

लांब मेसेज व्हॉट्सअ‍ॅपवर अर्धा दुमडला जातो, पुढचं वाचायला बोट लावावं लागतं. म्हणून फी आणि पायऱ्या खाली गेल्या तरी चालतील, पण तिन्ही वर्ग दुमडीच्या वर हवेत. कमळाचं चित्र ताईंना हवंच होतं. ठेवलं, त्यात फक्त "योगवर्ग" एवढा शब्द, बाकी मजकूर खाली अक्षरांत, म्हणजे क्रमांकावर बोट ठेवता येतं आणि डोळ्यांना त्रास असणाऱ्याला फोनकडून वाचूनही घेता येतं.

शेवटचा खर्डा असा (आकडे माझ्या हिशोबातले):

योगवर्ग: ३ मार्च २०२५ पासूनचं वेळापत्रक
आधी वर्ग ठरवा, मग वेळ बघा.

*ओळख वर्ग*
नवीन असाल किंवा बऱ्याच वर्षांनी सुरू करत असाल तर. प्रत्येक आसन करून दाखवलं जातं. जमिनीवर बसता येत नसेल तर खुर्ची मिळते.
सकाळी ७.१५ ते ८.१५: सोमवार, बुधवार, शुक्रवार
किंवा संध्याकाळी ६.०० ते ७.००: मंगळवार, गुरुवार

*सराव वर्ग*
त्रिकोणासन, भुजंगासन ही नावं ऐकून आसन करता येत असेल तर. करून दाखवलं जात नाही. चुकलं तर दुरुस्त केलं जातं.
संध्याकाळी ७.१५ ते ८.१५: मंगळवार, गुरुवार
सकाळी सराव वर्ग सध्या नाही.

*सखोल वर्ग*
थेट प्रवेश नाही. सराव वर्गात आल्यावर ताई सांगतील तेव्हा.
सकाळी ६.०० ते ७.००: सोमवार ते शुक्रवार, पाचही दिवस

*फी*
नाव घालताना एकूण: तीन दिवसांच्या वर्गाला १२०, दोन दिवसांच्या वर्गाला ९५. यात एकदाच लागणारी नावनोंदणी २० आली.
पुढे: १२ वर्गांचे १००, ८ वर्गांचे ७५, २० वर्गांचे १४०. पाच आठवड्यांत कधीही वापरा.
तीन वेळची फी एकदम भरल्यास १० टक्के कमी. एकाच वर्गासाठी १२.

*यायचं कसं*
१. मेसेज करा: नाव, वर्ग, कधीपासून. रक्तदाब, काचबिंदू, हर्निया, गरोदरपण, अलीकडची शस्त्रक्रिया असेल तर तेही.
२. एक वर्ग करून बघा (१२). नाव घातलंत तर ते फीतून वजा.
३. अर्ज आणि फी त्याच दिवशी.
चटई आणा. पोटभर जेवणानंतर तीन तास, थोड्या खाण्यानंतर दीड तास जाऊ द्या. दहा मिनिटं आधी या. वर्ग सुरू झाल्यावर पाच मिनिटांनी दार बंद.

आजींना फोनवर वाचून दाखवलं. चार प्रश्न विचारले. वर्ग बरोबर, वार बरोबर. पैसे विचारले तर म्हणाल्या, "आधी १२. आवडलं तर उरलेले १०८." मी मनात बेरीज केली. बरोबर.

सोमवार, १० मार्च

एक आठवडा झाला. मेसेज येतात, पण वेगळे: "ओळख वर्ग, संध्याकाळ, मंगळवारपासून. रक्तदाबाची गोळी चालू आहे." ताईंना उत्तरात फक्त "या" लिहावं लागतं. फी विचारणारे दोघे आले. दोघांनी दुमडलेला भाग उघडला नव्हता. फीची एक ओळ वर आणावी का, यावर आमचं एकमत नाही. तिन्ही वर्ग वर राहिले पाहिजेत यावर मी ठाम आहे.

सराव वर्गातल्या एकीने विचारलं, नावं ऐकून करता येतं पण भुजंगासन माहीत नाही, मग मी ओळखमध्ये जाऊ का? दोनच नावं दिली की कुणीतरी त्यांचीच परीक्षा समजतं. "अशी" हा शब्द घातला: "त्रिकोणासन, भुजंगासन अशी नावं".

गुरुवार, १३ मार्च

काल, बुधवारी, संध्याकाळी ६.३० ला एक गृहस्थ चटई घेऊन आले. वर्ग नाही, दार बंद. त्यांनी फोन काढून ताईंना पोस्टचा फोटो पाठवला: कमळ, उगवता सूर्य, "संध्या. ६.३० (मंगळ-गुरु)". कुठल्याशा नातेवाइकांच्या गटात परवा कुणीतरी पुढे पाठवलेली. त्या चित्रावर कुठेच तारीख नाही, त्यामुळे ते कधीच जुनं होत नाही.

ताईंनी त्यांना आजच्या ६ च्या वर्गाला बोलावलं, १२ न घेता. मी आज सकाळी जुनं चित्र उघडून त्यावर आडवी लाल पट्टी मारली, "ही वेळ आता नाही, नवीन वेळापत्रक ३ मार्च २०२५ पासून" असं लिहिलं, आणि ज्या ज्या गटात मूळ पाठवलं होतं तिथे त्याला उत्तर म्हणून टाकायला ताईंना दिलं. अकरा गट निघाले. नऊ झाले, दोन गटांतून ताई कधीच बाहेर पडल्या आहेत.